जिन्यातला डबा

शहापूरला मी लग्नाचे अल्बम जुळवायची. पानं प्रेसला नेटवरून पाठवायची, आणि तिथलं नेट ऐन लग्नसराईत मान टाकायचं. म्हणून कल्याणला भाड्याचं घर बघायला निघाले. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच होते, तेही सोबत आले. जन्मभर सापगावच्या चिखलात भात लावून त्यांचे गुडघे कामातून गेले होते.

पहिलंच बघितलेलं घर तळमजल्याचं निघालं. दारात फरशी, पुढे कडुनिंब. बाबा खाली बसले ते उठेचनात. मी मात्र नेटच्या चौकशीला लागले. शेजाऱ्यांकडे फोनच्या लाइनवरचं ब्रॉडबँड होतं. त्यांच्या परवानगीनं एक पान पाठवून बघितलं. उतरवून घ्यायला ते नेट बरं, पण वर पाठवायला रडकं. चहा पिऊन झाला तरी अर्धं पान गेलं नव्हतं.

मग केबलवाल्यालाच बोलावलं. त्यानं जिना वरपर्यंत बघितला. "इथं फायबरची लाइन घराघरात वाटणारा डबा नाय. फायबर नाक्यापर्यंत आलाय. सोसायटीनं परवानगी दिली नि डब्याला जिन्याच्या मीटरवरनं लाइट दिली, तर बसवू. मागच्या बिल्डिंगीत हाय आमचा. तिथं वर पाठवायचा स्पीडपण उतरवायच्या एवढाच मिळंल."

मागच्या बिल्डिंगीतली रिकामी जागा तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती.

"चेअरमनला विचारून तर बघ गो," बाबा म्हणाले.

चेअरमन गावाला गेला होता. चार दिवस थांबायला हवं होतं, एवढंच. पण हातात तीन लग्नं होती, आणि बाबांचे गुडघे काही पळून जात नव्हते. मी मागच्या बिल्डिंगीतल्या घराचं डिपॉझिट भरलं.

नेट झकास निघालं. अख्खा अल्बम बघता बघता जायचा. बाबा सुरुवातीला रोज खाली उतरायचे, मग रविवारी, मग फक्त डॉक्टरकडे. एरवी खुर्ची टाकून जिन्यात बसायचे, आमच्या मजल्यावरच्या त्या डब्याशेजारी. येणाऱ्याजाणाऱ्याला पिकापाण्याचं विचारायचे. शहरातली माणसं काय सांगणार! मला कामातून मान वर करायची लाज वाटायची, म्हणून मी करायचीच नाही.

पावसाळ्यानंतर एकदा नेट गेलं. तोच केबलवाला आला. बाबांनी खुर्ची सरकवून त्याला जागा दिली. डबा उघडता उघडता तो म्हणाला, "ताई, ते तळमजल्याचं घर बघितलेलं ना तुमी? तिथं पण बसवला डबा. नवीन भाडेकरूनं चेअरमनला विचारला, त्यानं लगेच सही दिली."

मी दारातच उभी होते. बाबांकडे बघवेना.

"वर हवा बरी लागते," ते म्हणाले. ते त्याच्याशी बोलत नव्हते, माझ्याशी बोलत होते. डबा बंद झाल्यावर त्यांनी खुर्ची परत जागेवर ओढली आणि दोन्ही हातांनी गुडघे धरून हळूहळू खाली बसले.