चंद्रव्वांचा वेगळा ट्रॅक

आमचे हे, मृत्युंजय, सोलापुरात साउंडचं काम करतात. लग्न, सभा, मठातलं भजन, जे मिळेल ते. मिक्सरवर वाकून वाकून यांची मान एका अंगाला गेली आहे, जेवतानाही सरळ होत नाही. थकलात का विचारलं की म्हणतात, "कान थकलेत गं. बाकी ठीक हाय."

परवा मठाच्या सभागृहात चंद्रव्वांचं वचनगायन होतं, म्हणजे शिवशरणांची कन्नड पदं. आमच्या पेठेत कुणाच्या घरी पूजा असली की अव्वांचं एक वचन झाल्याशिवाय प्रसाद वाटत नाहीत. आता त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलंय. नंतर गाता येईल याचा भरवसा डॉक्टरांनी दिला नाही. म्हणून या वेळचं गाणं जपून ठेवायचं होतं.

यांनी डिजिटल मिक्सरची यूएसबी वायर लॅपटॉपला जोडली, कुणाचा पाय अडकू नये म्हणून चिकटपट्टीनं टेबलाला बांधली, लॅपटॉप मध्येच झोपी जाणार नाही तेही बघितलं. मी प्रसादाचं पातेलं घेऊन शेजारीच होते.

"एवढ्याशा वायरीतनं सगळं जातं?"

"जातं. पण मिसळून न्हाय. अव्वांचा माईक वेगळा, सुकन्याचा वेगळा, पेटी वेगळी, तबला वेगळा. मागनं घरी बसून मिसळायचं."

सुकन्या म्हणजे अव्वांची नात. मागं बसून साथ करते.

मी मनात सिद्धरामेश्वराला हात जोडले आणि गाणं सुरू झालं. सुरुवात चांगली झाली. मग एका वचनात वर चढताना अव्वांचा आवाज फाटला. यांनी मान वर न करता मिक्सरवरची अव्वांच्या आवाजाची सरकपट्टी, तो फेडर, खाली ओढला आणि सुकन्याचा वर नेला. सभागृहाला फक्त सुकन्याचा सूर ऐकू आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढंही असं एकदोनदा झालं. अव्वा डोळे मिटून गातच होत्या.

दुसऱ्या दिवशी हे घरी हेडफोन लावून बसले आणि तसेच बसून राहिले. चहा निवला.

"काय झालं?"

"रेकॉर्डिंग फेडरच्या आधीच निघतं. मी तितं कमी केलं, पण हितं अव्वांचा आवाज पुरा आलाय. फाटला तसाच."

"मग मिसळताना कमी करा की."

"ते होईल गं. पण अव्वा येणार हायेत. मिसळायच्या आधी माझा एकटीचा ऐकव म्हणाल्यात."

दुपारी अव्वा सुकन्याचा हात धरून आल्या. मी पाट दिला, त्या खुर्चीवरच बसल्या.

"लाव मृत्युंजया."

"अव्वा, दोन दिवस द्या. सगळं मिसळून देतो, गोड वाटंल."

"गोड लोकांनी ऐकलं. मला माझं ऐकायचंय. का, गाढव वरडल्यागत झालंय?"

सुकन्या हसली. हे हसले नाहीत. अव्वांच्या कानावर हेडफोन ठेवले आणि तेवढा एकच ट्रॅक चालू केला. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. अव्वांचं बोट मांडीवर ताल धरत होतं. मग ते थांबलं. बऱ्याच वेळानं पुन्हा चालू झालं.

हेडफोन काढून त्या म्हणाल्या, "हितं माझा आवाज फाटलाय, आणि हितंच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तू मला बंद केलंस व्हय?"

"कमी केलं, अव्वा."

"माझ्यापुढच्या स्पीकरला तर मी चालूच होते की."

"त्याला पण आवाज फेडरच्या आधीच जातो. तुमाला तुमचं सगळं ऐकू येत होतं."

"म्हणजे टाळ्या पोरीच्या."

सुकन्या पदराचं टोक पिळत होती. "आज्जी, मी मुद्दाम न्हाई..."

"गप गं. मी तुला गाऊ नको म्हटलं का?" मग यांच्याकडं वळून म्हणाल्या, "तितं पोरीचाच आवाज ठेव. पण मला पार पुसू नको. खालनं असू दे थोडा. माझा सूर कुठनं उचलला ते तिला कळाय पायजे."

यांनी स्पीकर लावला. पडद्यावर अव्वांचा ट्रॅक अगदी खाली नेला, मग हळूहळू वर आणत राहिले. सुकन्याच्या सुराखालून खरखर यायला लागली, तसा अव्वांनी हात वर केला.

"एवढाच?"

"एवढाच. बाकीच्या जागी पण असंच कर." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नाक तेवढं पुसलं. "लई दमले बाई. चहा टाक गं. साखर घाल, आता गळा जपायचाय कुणासाठी?"

मी चहा टाकला. आत हे पुढची जागा शोधत होते. स्पीकरवरच्या त्या फाटलेल्या सुराला सुकन्या हलक्या आवाजात पुन्हा साथ देत होती आणि अव्वा तिला म्हणत होत्या, "घाई करतीस. मला आधी पडू दे की."