ठाणे की कळंबोली

लेक बंगळुरात. बाळ पोटात आडवं, म्हणून डॉक्टरांनी सिझेरियन एकदम परवावर आणलं, दुपारी बाराला. लेकीचा फोन आला, "आई, मला आत नेतील तेव्हा तू जवळ पाहिजेस."

फोन ठेवताच बायको डिंकाचे लाडू डब्यात भरायला लागली. मी वही काढली. चिखलीच्या शाळेत माझी सगळी नोकरी कारकुनीत गेली आणि घरातल्या कुठल्याही संकटात मी आधी वही काढतो. लेक लहानपणापासून सांगते, बाबांचं गणित कधी चुकत नाही. मलाही तसंच वाटायचं.

संभाजीनगरच्या विमानात जागा नव्हत्या, म्हणून मुंबई. आणि मुंबईत आता विमानतळ दोन. चिखलीहून संध्याकाळी सुटणारी ट्रॅव्हल्स पहाटे साडेचारला ठाण्याला पोचते आणि साडेपाचला कळंबोलीला. ठाण्याला उतरलं की जुना विमानतळ, टॅक्सी सातशे. कळंबोलीला उतरलं की नवी मुंबईचा, टॅक्सी साडेतीनशे. जुन्यावरून विमान सातला. नव्यावरून आठ वीसला, आणि तिकीट माणशी तीनशेनं महाग.

बायको म्हणाली, "सातचंच घ्या. लवकर जाऊ."

"कागदावर मांडू दे."

मांडलं. नव्याचं तिकीट दोघांचं सहाशेनं जास्त. पण टॅक्सी? सातशे दुणे चौदाशे, साडेतीनशे दुणे सातशे. म्हणजे टॅक्सीत सातशे वाचतात. सहाशे घालवून सातशे वाचवायचे, शंभर रुपये नफा! पोचायची वेळही काढली. सातच्या विमानानं दवाखान्यात दहा पस्तीसला, आठ वीसच्या विमानानं अकरा पन्नासला. ऑपरेशन बाराला. दहा मिनिटं हातात.

"शंभर रुपयांसाठी एक घंटा अन् वरची पंधरा मिनिटं काऊन घालवता?" बायको म्हणाली. "मले नाई पटत."

"दवाखान्याचे बारा म्हणजे साडेबारा," मी म्हणालो. उभ्या जन्मात मी एकही कचेरी वेळेवर उघडलेली पाहिली नव्हती, म्हणून अगदी ठासून म्हणालो. तिकिटं काढली.

पहाटे ठाण्याला ट्रॅव्हल्स थांबली तेव्हा बायको जागीच होती. उतरणाऱ्या माणसांकडे खिडकीतून बघत बसली. साडेपाचला आम्ही कळंबोलीला उतरलो, टॅक्सी केली, वीस मिनिटांत विमानतळ. मी मोठ्या दिमाखात सातशे रुपये पुढे केले.

ड्रायव्हरनं साडेतीनशे परत दिले. "काका, जास्त दिले."

"दोन शिटा आहेत ना?"

"पूर्ण गाडीचे साडेतीनशे. तुम्ही दोघं बसा नाहीतर चौघं."

आमच्याकडे चिखली-मेहकर काळी-पिवळीत बसलो की शिटाप्रमाणे पैसे. शीट भरली की पैसे, पोरगं मांडीवर घेतलं तर माफ. जन्मभर असाच प्रवास केला, दुसरं डोक्यातच आलं नाही. बायकोनं परत आलेल्या नोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे तिकडच्या टॅक्सीचेबी सातशेच लागले असते? दोघांचे?"

"हाव."

तिनं मनात बेरीज केली असावी. तिला वही लागत नाही. जुना विमानतळच अडीचशे रुपयांनी स्वस्त होता, वर सव्वा तास लवकर. मग विमान सुटायला अडीच तास बाकी होते, ते आम्ही शेजारी-शेजारी खुर्च्यांवर बसून काढले. एवढं चकचकीत ठिकाण, पण मला तिथं जीव नकोसा झाला होता.

बंगळुरात दवाखान्याच्या दारात टॅक्सी थांबली तेव्हा घड्याळात अकरा पन्नास. माझी वेळ मिनिटावर बरोबर आली.

जावई पायऱ्यांवरच भेटला. "सव्वाअकरालाच आत घेतलं. आधी तयारी असते ना. दारापर्यंत विचारत होती, आई आली का."

बायको लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसली. मी उभाच राहिलो. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, एरवी भाजीत मीठ कमी म्हटलं तर ती मला दिवसभर ऐकवते. साडेबाराच्या सुमारास नात झाली. दोघी सुखरूप, हे ऐकून मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

दुपारी लेकीला खोलीत आणलं. ओठ सुकलेले, आवाज बारीक. तिनं आईचा हात धरला. "तू आत नेताना आली नाहीस गं."

आता बायको सगळं सांगून टाकेल, सांगायलाच पाहिजे होतं.

"आलती ना," बायको म्हणाली. "दवाखान्यात खालीच होती मी. वर सोडलं नाई त्यायनं. एकच मानूस पाहिजे म्हने."

लेकीचा चेहरा सैल झाला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "मला माहीत होतं. बाबांनी वेळ काढली असेल ना वहीत."

"हो," मी म्हणालो.