अर्ध्या सेकंदाचा धागा

नवरा गेल्यावर चौदाव्या दिवशी कोडबाई कामावर हजर झाल्या. घरात बसून तरी काय करणार, असं त्यांनी धाकट्या जावेला सांगितलं. खरं तर त्यांना घरी बसायचंही नव्हतं आणि कामावर जायचंही नव्हतं. पाय ठरलेल्या वेळेला चपलेत गेले, एवढंच.

कोडबाई हे नाव मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे सगळ्यात ज्येष्ठ सर्जननी, ठेवलं होतं. डोळ्यांच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या पलीकडे, एक थंडगार खोली होती. ऑपरेशन थिएटरमधल्या सूक्ष्मदर्शकातून आलेलं चित्रण तिथे उतरायचं आणि बाई ते एन्कोड करायच्या, म्हणजे आटवून लहान करायच्या. दूरदूरच्या छोट्या हॉस्पिटलांतले शिकाऊ डॉक्टर मग ते बघून डोळ्याच्या कॉर्नियाला, म्हणजे पुढच्या पारदर्शक पडद्याला, टाके घालायला शिकायचे. एकोणीस वर्षं त्या हेच करत होत्या. बाई डॉक्टर नव्हत्या, पण पडद्यावर नुसता टाका बघून तो कोणाच्या हातचा हे ओळखायच्या.

नवरा सकाळी चहा पिताना गेला. कप त्याने स्वतः खाली ठेवला, मग मान टाकली. बाईंनी सगळं रीतसर केलं, कोणाकोणाला कळवायचं ती यादीसुद्धा स्वतःच केली. नातेवाईक कुजबुजले, "डोळ्यातून टिपूस नाही हो हिच्या." बाईंनी ते ऐकलं. त्यांनाही ते खरंच वाटलं. रडू दाबलेलं नव्हतं, आलंच नव्हतं. कानात पाणी गेल्यावर आवाज जसे लांबून येतात तसं सगळं लांबून येत होतं, आणि रात्री झोप येतच नव्हती.

कामावर आल्या त्या दिवशी समन्वयक दारातच उभा. हा शिकवण्याचा कारभार बघणारा, घाईचा पण मनाने बरा माणूस.

"ताई, फार वाईट झालं. काही लागलं तर सांगा." मग तो म्हणाला, "तुम्ही नसताना पोरांची एक तक्रार आली होती. व्हिडिओ पुढेमागे ओढला की भलतीकडेच जाऊन पडतो म्हणे. तिसरा टाका बघायचा तर चौथाच सुरू होतो."

"कीफ्रेम लांब लांब आहेत," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

हे त्यांनी आजवर पन्नास जणांना समजावलं असेल. "व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण नसतं. एक पूर्ण चित्र असतं, ती कीफ्रेम. त्यानंतरच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं, पुढची कीफ्रेम येईपर्यंत. तो एक गट, ग्रुप ऑफ पिक्चर्स. ओढल्यावर आपला प्लेअर कीफ्रेमवरच उतरतो. आपल्या दहा सेकंदांवर आहेत."

"मग जवळ जवळ आणा ना!"

"आणते."

"फाइल मात्र मोठी नको. तिकडचं इंटरनेट अगदीच रडतखडत चालतं."

बाईंनी त्याच दुपारी सेटिंग बदललं. सेकंदाला तीस चित्रं. दर पंधराव्या चित्राला कीफ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. पूर्ण चित्र फार जागा खातं, आणि फाइलीत दर सेकंदाला मिळणारी जागा तर तेवढीच ठेवायची होती. म्हणून मधल्या बी-फ्रेमची संख्या दोनवरून सात केली. बी-फ्रेम म्हणजे मागच्या आणि पुढच्या, दोन्ही चित्रांकडे बघून भरलेलं मधलं चित्र. त्याला सगळ्यात कमी जागा लागते, कारण त्याच्या वाट्याला तपशीलही सगळ्यात कमी येतो.

एरवी नवं सेटिंग केलं की बाई एक मिनिटाचा तुकडा मोठ्या पडद्यावर एकेक चित्र पुढे सरकवत बघायच्या. धागा आहे ना, सुईचं टोक आहे ना. त्या दिवशी त्यांनी फाइल उघडते का ते पाहिलं. उघडली. व्हिडिओखालचा बार ओढून पाहिला. झटकन जागेवर गेला. "झालं," त्या म्हणाल्या, आणि थिएटरमधून आलेल्या चित्रणांची रांग लावून दिली. पुढचे सहा आठवडे त्या सेटिंगवर एकेचाळीस शस्त्रक्रिया आटल्या.

सातव्या आठवड्यात फोन आला. लांबच्या एका हॉस्पिटलातली शिकाऊ डॉक्टर होती, आवाजावरून पंचविशीतली.

"मॅडम, तुम्हीच व्हिडिओ करता का? कॉर्नियाच्या टाक्यांचे?"

"हो."

"त्यात धागा मधेच नाहीसा होतो. म्हणजे दिसतो, मग विरघळतो, परत दिसतो. ठेका धरल्यासारखा. आणि मी सुई कुठे शिरते ते बघायला थांबवलं की नेमका नसतोच."

बाईंनी लिहून घ्यायला कागद ओढला.

"मी काल पहिल्यांदा पेशंटवर टाका घेतला," मुलगी सांगू लागली. "व्हिडिओत पाहिलं तेवढीच खोल सुई घातली. सर शेजारी होते, त्यांनी हात धरला. फार उथळ होतं. टाका काढून त्यांनी परत घातला. पेशंटला काही झालं नाही. पण मला वाटलं, मीच नीट बघितलं नाही. म्हणून रात्रभर तेच लावून बसले होते. आता वाटतंय, तिथे दिसण्यासारखं काही नाहीच."

"तुझं चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "दोन दिवस दे."

फोन ठेवून त्यांनी मोठ्या डॉक्टरांची शस्त्रक्रिया मोठ्या पडद्यावर लावली आणि एकेक चित्र सरकवायला सुरुवात केली. कीफ्रेमवर केसाहून बारीक काळा धागा स्वच्छ होता. पुढच्या चित्रावर फिकट. त्याच्या पुढे, बी-फ्रेमच्या लांब रांगेत, धागा हलत होता आणि मागची-पुढची चित्रं एकमेकांपासून इतकी दूर पडली होती की मधल्या चित्रांत त्याचा नुसता करडा फराटा उरला होता. पंधरावं चित्र आलं की धागा टक्कन परत हजर. सेकंदाला दोनदा. इतक्या पूर्ण चित्रांनीच बरीचशी जागा खाल्ली होती, मधल्यांना उष्टंमाष्टं उरलं होतं.

आपण घाबरायला हवं, असं बाईंना वाटलं. निदान लाज तरी वाटायला हवी. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. काहीच आलं नाही. मग त्यांनी मूळ फाइलींची यादी उघडली.

मूळ चित्रणं फार अवाढव्य असल्याने तीस दिवसांनी आपोआप पुसली जात. एकेचाळीसपैकी बत्तीस शिल्लक होती. नऊ गेली होती. ती नऊही मोठ्या डॉक्टरांची होती, आणि त्यांची शेवटची. हाताला कंप सुटायला लागल्यावर त्यांनी स्वतःहूनच गेल्या महिन्यात सुरी खाली ठेवली होती.

बाई जिना चढून त्यांच्या खोलीत गेल्या. डॉक्टर पेन्सिलीला टोक काढत होते, ते दोनदा मोडलं.

"साहेब, तुमच्या शेवटच्या नऊ शस्त्रक्रिया मी खराब केल्या," बाईंनी उभ्या उभ्या सांगितलं, आणि सेटिंगपासून पुसल्या गेलेल्या फाइलींपर्यंत सगळं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "परत नीट करता येत नाहीत?"

"नाही. जो तपशील लिहिलाच नाही तो आता कुठून आणू?"

"तुम्ही तपासलं नव्हतं?"

"नाही. फाइल उघडते एवढंच बघितलं."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली वाहनतळावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. "मला राग यायला हवा," ते म्हणाले. "येत नाहीये. ऑपरेशन बंद केल्यापासून कशाचंच काही वाटत नाही बघा."

"मलाही," बाई म्हणाल्या.

मग बाई म्हणाल्या, "कीफ्रेमवर धागा शाबूत आहे. सेकंदाला दोन चित्रं. एका टाक्याला तुम्हाला अर्धं मिनिट लागतं, म्हणजे टाक्याला साठ पूर्ण चित्रं. हलता व्हिडिओ गेला. पण सुई कुठे शिरली, किती खोल गेली, कुठे निघाली, ते निवडून ठेवता येईल. निवडायला मात्र तुम्ही हवेत. मला सगळंच सारखं वाटेल."

"जवळ जवळ कीफ्रेम घातल्या म्हणून धागा गेला, आणि त्या जवळ आहेत म्हणूनच एवढा तरी सापडला?"

"हो."

"काय तऱ्हा आहे तुमच्या धंद्याची, कोडबाई," ते म्हणाले, आणि टोक न काढलेली पेन्सिल खिशात टाकून खाली आले.

आधी बाईंनी बत्तीस शस्त्रक्रिया नव्याने आटवल्या. कीफ्रेम चार सेकंदांवर नेल्या, बी-फ्रेम परत दोनवर आणल्या, आणि त्यांच्या वाट्याचा तपशील बाकीच्यांहून फार कमी पडणार नाही असं बघितलं. ओढल्यावर नेमकं जागेवर जायची सोय राहावी म्हणून प्रत्येक टाक्याच्या सुरुवातीला मुद्दाम एक कीफ्रेम ठोकली आणि तिथे टाक्याचा आकडा टाकला. फाइल किंचित वाढली. समन्वयक कुरकुरला. बाईंनी त्याला खुर्चीत बसवून जुना आणि नवा धागा शेजारी शेजारी दाखवला. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "घाई मी केली होती, ताई."

"तपासायचं काम माझं होतं," बाई म्हणाल्या.

मग तीन आठवडे, रोज दुपारी दोन ते चार, डॉक्टर तळमजल्यावर येऊन बसले. माऊस त्यांच्या हातात थरथरायचा म्हणून तो बाईंनी धरला. डॉक्टर फक्त बोलायचे. "पुढे. अजून पुढे. हां, थांबा. इथे सुई जवळजवळ तळाला पोचलीय, पण आरपार नाही. हे ठेवा." कधी स्वतःवरच वैतागायचे. "हा टाका घट्ट झालाय. कोणी घातला हा?"

"तुम्हीच, साहेब."

"असूद्या. घट्ट झाला की काय होतं तेही कळू दे पोरांना. ठेवा."

एकदा बाईंना हसू आलं. तोंडातून आवाज निघाला तेव्हा तो आपलाच आहे हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. पुढच्या मिनिटाला सगळं परत पहिल्यासारखं सपाट झालं. पण आलं होतं खरं.

नऊ शस्त्रक्रियांची नऊ चित्रमाला तयार झाल्या, प्रत्येक चित्रासोबत डॉक्टरांचं ध्वनिमुद्रित बोलणं. शिकाऊ डॉक्टर मुलीला बाईंनी त्या सगळ्यांआधी पाठवल्या. आठवड्याने तिचा फोन आला.

"मॅडम, काल दोन टाके घेतले. सरांनी हात धरला नाही."

"बरं झालं."

"आणि खरं सांगू? चालत्या व्हिडिओपेक्षा मला ही चित्रंच जास्त समजली. पण या नऊ शस्त्रक्रियांत मोठ्या सरांचा हात चालताना बघायला मिळाला असता तर..."

"तो गेला," बाई म्हणाल्या. "तो माझ्याकडून गेला. परत नाही येणार."

बाईंनी तिला आणखी काही अडलं तर फोन कर म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

त्या शुक्रवारी त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली. एकोणीस वर्षांत आजारपण सोडून त्यांनी रजा घेतली नव्हती. समन्वयकाने अर्ज दोनदा वाचला. बाई लेकीच्या घरी गेल्या. लेक दारातच म्हणाली, "आई, किती वाळलीस गं." जेवण झाल्यावर, भर दुपारी, खिडकीतून ऊन थेट तोंडावर येत असताना त्या सोफ्यावर आडव्या झाल्या. लेकीने पडदा ओढू का म्हणून विचारलं तेव्हा त्यांना झोप लागून गेली होती.