सोडायच्या प्रश्नांचा खण

टपाल छाटण्याच्या त्या लांबट दालनात तिला सगळे ‘छाटणीवाल्या बाई’ म्हणत. सतरा वर्षे तिने उभ्याने पत्रे गावागावांच्या खणांत छाटली होती. बसून काम करायचे, तर खात्याची परीक्षा देऊन कारकून व्हावे लागे. दोनदा ती नापास झाली होती. तिसरी संधी शेवटची. त्यानंतर वयाची अट आड येणार होती.

नापास होण्याचे कारण ती नशिबावर ढकलत असे. सासूबाई मात्र निवृत्त गणितशिक्षिका. पुराव्याशिवाय त्या नशीबही मान्य करीत नसत. त्यांनी गेल्या वर्षीची गुणपत्रिका मागवून चष्मा पुसला.

“नियमांत एकतीस, भाषेत सव्वीस, गणितात नऊ. तिथे किमान बारा लागतात. नशीब फक्त गणिताच्याच तासाला येतं का गं?”

“टाकीचं गणित होतं, आई. दोन नळ भरतात, एक रिकामी करतो. येतंय, येतंय असं वाटत राहिलं.”

“किती वेळ वाटलं?”

“अकरा मिनिटं.”

“अकरा मिनिटं! तेवढ्यात मी आंघोळ करून टाकीच रिकामी केली असती.”

सासूबाईंनी वेळ वाटून दिला. एकूण नव्वद मिनिटे, शंभर प्रश्न. नियमांचे पाठांतराचे चाळीस प्रश्न वीस मिनिटांत, भाषेचे तीस वीस मिनिटांत, गणिताच्या तिसांना अडतीस, आणि बारा मिनिटे शिल्लक. पण सराव करताना सून कठीण प्रश्नाशी अडून बसे आणि शिल्लक बारा मिनिटे तिथेच संपत. प्रश्न अर्धा टाकून पुढे जाणे तिला बेइमानीसारखे वाटे.

एका दुपारी ती डबा घरी विसरली, म्हणून सासूबाई तो घेऊन दालनात आल्या आणि दारातच थबकल्या. सुनेचा हात खणांवरून सरसर फिरत होता. एका पाकिटावरचा पत्ता ओलाव्याने पसरला होता. तिने ते क्षणभर पाहिले, डावीकडच्या खालच्या खणात टाकले. हात थांबला नाही. दुसऱ्यावर गावच नव्हते. ते शेजारच्या खणात गेले.

“ही का टाकलीस?”

“पहिल्याचा पत्ता उजेडात धरला की लागेल, ते शेवटी बघायचं. दुसऱ्याचा लागणारच नाही, ते परत पाठवायचं. एका पाकिटासाठी अख्खी गाडी चुकवायची का, आई?”

सासूबाईंनी डबा टेबलावर ठेवला. “मग कागदावर काय होतं गं तुला?”

“इथे पाकीट परत हाती येतं. तिथे प्रश्न गेला की गेला.”

“कुठे जातो? तिथेच छापलेला असतो! शेवटची बारा मिनिटं म्हणजे तुझा हा खालचा खण.”

सून इतक्या मोठ्याने हसली की पलीकडचे दोघे वळले.

त्या दिवसापासून दोन खुणा ठरल्या. वेळ खाणाऱ्या प्रश्नाला गोल, अजिबात न येणाऱ्याला फुली. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापत असल्याने फुलीकडे परतायचे नाही. आणि प्रश्न सोडला की उत्तरपत्रिकेतली त्याची ओळही बोट ठेवून रिकामी सोडायची, नाहीतर पुढची सारी उत्तरे एक घर सरकतात.

परीक्षेच्या दिवशी नियम आणि भाषा ठरल्या मिनिटाला उरकल्या. गणिताचे पान उलटताच आरंभीच एक जाडजूड तक्ता दिसला आणि त्यावरचे पाच प्रश्न. हात शिवशिवला. तिने पाचांना गोल केले, पाच ओळी सोडल्या. पुढे तोच जुना वैरी भेटला: टाकी, दोन नळ, एक गळती. अकरा मिनिटांची आठवण येऊन तिने गोल काढला आणि पुढे निघाली. अडतीस मिनिटांत सतरा सुटले. चार फुल्या, नऊ गोल.

शिल्लक बारा मिनिटांत तिने गोल पुन्हा छाटले. तक्ता आधी, कारण तो एकदा वाचला की पाच प्रश्नांना पुरतो. त्यातले तीन तर नुसत्या बेरजा निघाल्या, चौथा वजाबाकी. पाचवा टक्केवारीचा, तो सोडला. उरलेल्या वेळात आणखी एक झाला. घंटा वाजली तेव्हा टाकीचा गोल तसाच होता आणि तिला त्याचे काही वाटले नाही.

निकाल महिन्याने फलकावर लागला. गणितात सव्वाअठरा: एकोणीस बरोबर, तीन चूक. एकूण गुण पुरून उरले. घरी आल्यावर तिने बातमी सांगितली, तशा सासूबाई टाळ्या पिटत उठल्या; मग प्रश्नपत्रिका ओढून टाकीच्या प्रश्नावर पेन्सिल चालवू लागल्या. खोडले, पुन्हा मांडले, पुन्हा खोडले.

“तीन तासांत भरते!” शेवटी त्या विजयाने म्हणाल्या.

सुनेने घड्याळाकडे पाहिले. “आणि तुम्हाला सात मिनिटं लागली, आई.”

“मला नोकरी नको आहे,” सासूबाई म्हणाल्या, आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. “बस जरा. सवय कर.”