सात बाटल्यांची मावशी

बाटल्या भरण्याच्या कारखान्यात मावशी बावीस वर्षं रिकामे क्रेट लावायची. पाठीत बाक आला होता, पण जीभ सरळ होती. साहेब आले की बाकीचे गप्प व्हायचे, ही मात्र विचारायची, "साहेब, चहा झाला का, की आमच्या चुका मोजून पोट भरलं?"

मी तिथला इलेक्ट्रिशियन. मोजणीचं यंत्र मीच बसवलेलं, आणि त्याचा मला भलता गर्व होता. बाटली पट्ट्यावरून पहिल्या सेन्सरपुढून गेली की आकडा एकाने वाढतो. तडकलेली बाटली मावशी परतीच्या घसरगुंडीवर टाकते, तिथल्या सेन्सरपुढून गेली की एकाने कमी होतो. चोवीस झाले की क्रेट जाळीमागून थेट गुंडाळणीला जातो आणि मोजणी शून्यावर येते. सोपं काम.

पूर्वी वीज गेली की मोजणी आपोआप शून्य व्हायची. म्हणून नियम होता, वीज गेली की जाळी उघडून अर्धवट क्रेट बाहेर काढायचा, त्यातल्या बाटल्या पट्ट्याच्या सुरुवातीला परत ठेवायच्या आणि रिकामा क्रेट लावायचा. मावशी हे डोळे मिटून करायची. मला ती उगाच मेहनत वाटली. मी वीज गेली तरी आकडा लक्षात राहील अशी सोय केली. तिला सांगायचं मात्र राहून गेलं. शून्य करायचं बटण पेटीत कुलूपबंद, किल्ली माझ्या खिशात.

महिन्याभरात दुकानांकडून तक्रारी आल्या. कुठे क्रेटमध्ये सतरा बाटल्या, कुठे पंधरा. इकडे यंत्र म्हणत होतं, बाटल्या गेल्या जास्त, माल निघाला कमी. पट्ट्याजवळ हात घालणारं माणूस एकच. साहेबांनी निकाल लावून टाकला.

"यंत्र खोटं बोलत नाही, मावशी."

"यंत्र तीन दिवस एकच आकडा दाखवत होतं, ते खरं होतं का?" मावशी म्हणाली. "बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. तिन्ही दिवस. तेव्हा माल जास्त निघाला, तर कुणी विचारलं नाही."

ती बरोबर होती. दिवसाच्या एकूण मोजणीची तेवढीच मजल, त्यापुढे आकडा तिथंच ठाण मांडून बसतो. हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही. साहेबांसमोर माझ्या यंत्राला माझ्याच तोंडाने कशाला नावं ठेवू?

त्या दिवशी गेटवर सगळ्यांदेखत मावशीची झडती झाली. पिशवीतून डबा निघाला, चष्मा निघाला, नातीसाठी घेतलेली रबराची चप्पल निघाली. बाटली निघाली नाही. तरी साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मी चार पावलांवर उभा होतो, बुटाची नाडी बांधत. बांधलेलीच होती.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी वीज गेली. नव्या बाईने नियमाप्रमाणे क्रेट काढला, त्यातल्या सात बाटल्या परत पट्ट्यावर ठेवल्या आणि रिकामा क्रेट लावला. माझी नजर घसरगुंडीवरच्या सेन्सरवर गेली. वीज नसताना तो आंधळा. बाटल्या तिथून नेल्या असत्या तरी त्याने एकही वजा केली नसती. वीज आल्यावर यंत्र सातवरून पुढे मोजू लागलं. त्याच सात बाटल्या दुसऱ्यांदा मोजल्या गेल्या. आणखी दहा गेल्या, आकडा चोवीस झाला, क्रेट पुढे गेला. आत बाटल्या सतरा.

चोर कुणी नव्हतं. नियम जुन्या यंत्रासाठी होता आणि यंत्र मी बदललं होतं.

साहेबांना दाखवलं.

"बोलाव तिला परत," ते म्हणाले. "पण लेखी काही नको."

मी वीज आल्यावर क्रेटची मोजणी शून्य होईल अशी दुरुस्ती केली, बटण पेटीबाहेर आणलं आणि मावशीच्या घरी गेलो. ती दारात बसून नातीचे केस विंचरत होती. मी सगळं सांगितलं, एकही गोष्ट लपवली नाही. तिने कंगवा थांबवला नाही.

"म्हणजे तुझं यंत्र चुकलं."

"मी चुकलो, मावशी."

"गेटवर तू होतास ना?"

"होतो."

"बावीस वर्षं मला बघतोयस. मी बाटली चोरीन, असं वाटलं तुला?"

"नाही. एक क्षणही नाही."

कंगवा थांबला. तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल.

"वाटलं असतं तर बरं होतं रे," ती म्हणाली. "मग तू फक्त चुकला असतास."

तिने नातीला उठवलं आणि ती आत गेली. कामावर ती परत आली नाही.