धरणाचं पान वाचणाऱ्या मशीनची नोंदवही

मी तेव्हा हिंगोलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. दोन हजार सहा-सातचा काळ. आमच्या घरात कॉम्प्युटरला हात लावणारी मी पहिली, त्यामुळे मला सगळं येतं असा घरच्यांचा समज होता आणि थोडासा माझाही.

एक दिवस वसमतहून एक निवृत्त शाखा अभियंता क्लासवर आले. उभी नोकरी धरणांवर काढलेला माणूस. वरच्या धरणाचं खातं आता पाण्याची पातळी आणि उघडलेले दरवाजे दर तासाला वेबसाइटवर टाकतं, असं त्यांनी सांगितलं. "पण खाली हट्टा गावाकडचा माणूस नदीत मोटार सोडून बसलेला असतो. त्याला कोण दाखवणार ते पान? तुमचं मशीन वाचील का, आन् दरवाजा हालला की मेसेज धाडील का?"

मी हो म्हणाले. वसमतच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुनं मशीन बसवलं. त्याला टेलिफोनची ब्रॉडबँड लाइन, इन्व्हर्टर आणि केबलने जोडलेला एक जुना मोबाइल. दर पंधरा मिनिटांनी माझा प्रोग्रॅम ते पान उतरवून घ्यायचा, त्यातला दरवाज्यांचा आकडा काढायचा, मागच्या आकड्याशी ताडून पाहायचा. बदल दिसला की नदीकाठच्या बारा जणांना मेसेज. मागचा आकडा एका छोट्या फाइलीत लिहून ठेवलेला असे.

मार्चमध्ये ते सुरू झालं आणि एप्रिलमध्ये मला औरंगाबादला नोकरी लागली. मशीन ग्रंथपालांच्या भरवशावर सोडून मी गेले. ते पन्नाशीचे गृहस्थ. मशीनला त्यांनी कधी बोटही लावलेलं नव्हतं. "तकलीफ काय न्हाई ना देणार हे?" त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, काही नाही काका, त्याचं ते चालतं.

ऑगस्टच्या शेवटी, एका रविवारी दुपारी अभियंत्यांचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणूनच मला भीती वाटली.

"दरवाजे सकाळी अकराला उघडले. मेसेज आला न्हाई. हट्ट्याच्या खाली एक जण मोटार काढायला पात्रात उतरला होता, तो बाभळीवर चढून बसला हाये. पोरं दोर घेऊन गेलेत. तुमचं मशीन झोपलं हाये का?"

संध्याकाळी पाच वाजता परत फोन आला, त्याला काढलं म्हणून. मधले तीन तास मी पलंगाच्या काठावर बसून होते. तो माणूस मला माहीतही नव्हता. पण त्या बारा नंबरांतला एक त्याचा होता आणि तो मीच टाइप केला होता.

दुसऱ्या दिवशी मी वसमतला पोचले. मशीन चालू होतं. प्रोग्रॅमही चालू होता. डिस्क मात्र काठोकाठ भरली होती.

कारण माझी लॉग फाइल. प्रोग्रॅम काय करतो ते कळावं म्हणून मी त्यात सगळं लिहीत होते. 'पान आलं', 'झालं', 'परत गडबड' असली वाक्यं, आणि असू द्यावं म्हणून दर खेपेला आख्खं पानसुद्धा. एका पानाचं वजन ते किती! पण दिवसाला शहाण्णव पानं, असे जवळजवळ सहा महिने. एकच फाइल फुगत गेली आणि एक दिवस जागा संपली. त्यानंतर प्रोग्रॅम मागच्या आकड्याची फाइल लिहायला गेला तेव्हा ती आधी रिकामी झाली आणि मग लिहिता आलीच नाही. पुढच्या खेपेला त्याला ती रिकामी दिसली. मागचा आकडा नाही म्हणजे ही पहिलीच खेप, असं त्यानं धरलं. आणि पहिल्या खेपेला मेसेज करायचा नाही, हे मीच त्याला सांगितलेलं होतं. दर पंधरा मिनिटांनी त्याची पहिलीच खेप होती. काहीतरी चुकतंय हे लिहायलाही लॉगमध्ये जागा नव्हती.

मी रागाने ती फाइल पुसून टाकली. डिस्क तरीही भरलेलीच. अर्ध्या तासाने डोक्यात प्रकाश पडला. प्रोग्रॅमने ती फाइल उघडून धरलेली होती. नाव गेलं तरी तो धरून आहे तोवर जागा सुटत नाही. प्रोग्रॅम बंद केला, तेव्हा डिस्क मोकळी झाली.

अभियंते दारात उभे राहून बघत होते. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले आणि मी लिहिलेल्या लॉगचा एक तुकडा वाचायला लागले. मी तो पुसण्याआधी कागदावर छापून घेतला होता.

"ह्यात काल सकाळी अकराला काय झालं ते मला दाखवा."

मला दाखवता येईना. डिस्क भरल्यावर त्यात काही उतरलंच नव्हतं, आणि त्याआधीच्या वाक्यांच्या ढिगातही शोधायचं काय, हेच ठरलेलं नव्हतं.

"आमी गेजचं, म्हणजे पाणी मोजायच्या पट्टीचं, रजिस्टर भरायचो," ते म्हणाले. "वेळ, पातळी, दरवाजे, सही. रोज तेच रकाने. पाऊस धो-धो असो की कोरडा ठाक दिवस असो, रकाना बदलत न्हाई. म्हणून तर वीस वर्षांचा माणूसबी ते वाचू शकतो आन् साठ वर्षांचाबी. आन् महिना सरला की वही बंद, नवी उघडायची. तुमी एकाच वहीत लिहून राहिले."

चार दिवस सुट्टी टाकून मी तिथेच राहिले. आख्खं पान लिहिणं बंद केलं. पान समजलं नाही तरच ते वेगळं ठेवायचं आणि तीही शेवटची पाचच. एका खेपेला एकच ओळ, ठरलेल्या नावांची, ठरलेल्या क्रमाने. नावं रोमन अक्षरांत, पण मराठी ठेवली, काकांना वाचता यावीत म्हणून. वेळ, उत्तर म्हणजे वेबसाइटने दिलेला कोड, ओळी म्हणजे तक्त्यात किती ओळी सापडल्या, पातळी, दारं, आणि पानवेळ. पानवेळ म्हणजे खात्याने त्या पानावर स्वतः छापलेली वेळ. ती घेऊ की नको असं झालं होतं. रजिस्टरात पातळी प्रत्यक्ष पाहिल्याची वेळ असते असं अभियंते म्हणाले, म्हणून घेतली.

रोज पहाटे चारला लॉगची फाइल बाजूला सरकवायची, तिला तारखेचं नाव द्यायचं, दाबून लहान करायची आणि तीस दिवसांपेक्षा जुनी असेल तर टाकून द्यायची. पण नुसतं नाव बदलून भागत नाही, हे आता मला कळलं होतं. प्रोग्रॅम उघडून धरलेल्या जुन्या फाइलीतच लिहीत राहतो. म्हणून फाइल सरकवली की लगेच त्याला इशारा, जुनी सोड आणि नवी उघड. मागच्या आकड्याची फाइल आधी दुसऱ्या नावाने पूर्ण लिहायची आणि मगच जुनीच्या जागी ठेवायची. ती रिकामी दिसली तर गप्प बसायचं नाही, मला मेसेज. आणि रोज सकाळी सातला काकांना मेसेज, 'चालू आहे'. आला नाही तर मला फोन.

निघताना काकांना दोन शब्द टाइप करायला शिकवले. 'आज' म्हटलं की आजच्या ओळी, 'काल' म्हटलं की कालच्या.

पुढचं वर्ष. सप्टेंबरच्या शेवटी तीन दिवस झड लागली होती. मी ऑफिसात होते. सव्वादहा वाजले असतील, काकांचा फोन.

"ताई, सातचा मेसेज बराबर आला. पण एवढं पाणी पडून राहिलं आन् दरवाज्याचा एकबी मेसेज न्हाई. मी 'आज' काढलं हाये समोर."

"वाचा काका. शेवटची ओळ."

"वेळ धा-पंधरा. उत्तर दोनशे. ओळी नऊ. पातळी चारशे पंधरा. दारं शून्य. पानवेळ सहा."

दोनशे म्हणजे वेबसाइटने नीट उत्तर दिलं. नऊ ओळी म्हणजे तक्ता पूर्ण आला. दारं शून्य म्हणजे दरवाजे बंद. मला हायसं वाटलं आणि मी म्हणाले, "सगळं ठीक आहे काका, दरवाजे उघडलेच नाहीत."

काका म्हणाले, "मंग हे सहा सहाच काहून येऊन राहिलं? वरच्या ओळीतबी सहा. त्याच्या वरतीबी सहा. पहिल्या दोन-चार ओळींत चार हाये, मंग पाच, मंग सहा, आन् तिथून खाली समदे सहाच."

मी खुर्चीतून उठले.

"काका, 'काल' काढा. कालच्या पानवेळा वाचा."

की दाबल्याचे आवाज. एकेक अक्षर शोधत ते टाइप करत होते आणि मी इकडे टेबलाची कड धरून उभी होते.

"काल चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ... दर तासाला बदलून राहिलं."

पान येत होतं, पण सकाळी सहाचंच. चार तास तेच पान. वेबसाइट हसतमुखाने शिळा आकडा देत होती आणि माझा प्रोग्रॅम प्रामाणिकपणे तो वाचून 'बदल नाही' म्हणत होता.

मी अभियंत्यांना फोन लावला. ते त्यांच्या दुसऱ्या फोनवरून धरणावरचा नंबर फिरवत बसले, लाइन लागेना. माझ्या टेबलावरच्या दुसऱ्या फोनवर काका लाइनीवर होते, बारा जणांची यादी समोर घेऊन वाट बघत. मी म्हटलं, "साहेब, थांबायचं का? दरवाजे खरंच बंद असतील तर उगाच गोंधळ होईल."

"व्हऊ द्या गोंधळ," ते म्हणाले. "माहीत न्हाई म्हणजे बंद हाये असं न्हाई. काकांना सांगा, लावा फोन."

काकांनी फोन लावायला सुरुवात केली. सातव्या माणसाशी बोलत असताना अभियंत्यांना धरणावरचा एक जुना चौकीदार त्याच्या मोबाइलवर भेटला. दरवाजे नऊ वाजता उघडले होते. वेबसाइट भरणाऱ्या ऑफिसातली वीज सकाळपासून गेलेली होती.

धरणापासून हट्ट्यापर्यंत पाणी यायला काही तास लागतात. त्यातला सव्वा तास आम्ही आधीच घालवला होता. पावणेअकराला बाराही जणांपर्यंत निरोप पोचला. चार मोटारी, एक बैलजोडी आणि वाळूवर कपडे धुणाऱ्या बाया वर आल्या. पाणी आलं तेव्हा पात्रात कोणी नव्हतं.

ऑक्टोबरात मी वसमतला गेले आणि प्रोग्रॅममध्ये एकच नियम वाढवला. पानवेळ दोन तासांपेक्षा जुनी असेल तर सगळ्यांना मेसेज, 'आकडा शिळा आहे, धरणावर विचारा'. ते करायला वीस मिनिटं लागली. मग बराच वेळ त्या दिवसाची दाबून ठेवलेली फाइल उघडून बसले. सहा, सहा, सहा. मी शिकलेली होते आणि मला ती ओळ ठीक वाटली होती.

काका चहा घेऊन आले. मी त्यांना विचारलं, तुम्हाला कसं दिसलं?

"रोज सकाळी पेपर लावायच्या आधी वाचतो ना मी ते," ते म्हणाले. "तुमी सांगितलं नव्हतं वाचायला. पण समदं एका रांगेत लिहिलेलं, वाचावं वाटतं."