हळदीचा डाग

नारायणगावच्या बसस्टँडमागे चांगदेवचं मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. ड्रिल, ग्राइंडर, कटर, हाती धरून चालवायचं जे जे म्हणून बिघडतं ते त्याच्याकडे यायचं. माणूस तसा तिरसट. गिऱ्हाईक बोलायला लागलं की हात वर करून त्याला गप्प करायचा आणि म्हणायचा, "तुमी नका सांगू, त्यालाच सांगू द्या." मग मशीन खिडकीशी नेऊन उलटंसुलटं बघायचा. पाटीवरची अक्षरं वाचायचा, बॉडीच्या दोन फाका जिथं जुळतात त्या रेघेवरून नख फिरवायचा, मोटारीच्या जाळीत डोकावायचा. अस्सल मशीनची रेघ केसासारखी असते, नखाला लागत नाही. नकलीची जाड, मधेच ओघळलेली. अस्सल जाळीच्या पट्ट्या एकसारख्या कापलेल्या. नकलीच्या कडेला प्लास्टिकचे बारीक तंतू राहिलेले, पोरांच्या स्वेटरला निघावेत तसे. एवढं झालं की तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून निकाल द्यायचा. तो निकाल जुन्नर-आंबेगावात सहसा कुणी मोडत नसे, आणि त्याचा त्याला थोडा माजही होता, उगाच कशाला लपवायचं?

फोटोवरून मात्र तो काही सांगत नसे. फोटोला नख लागत नाही म्हणायचा.

पण त्या दिवाळीनंतर पिंपरी पेंढारची अंजना फोटो घेऊनच आली, आणि तिला नाही म्हणायची सोय राहिली नाही.

अंजनाचा नवरा जानकू पॉलिहाऊसचे सांगाडे उभारायचा. उघड्या शेतात वीज कुठली, म्हणून त्यानं बॅटरीवरचं ड्रिल घेतलं होतं. घरी चार्जरवरून बॅटरी काढताना ती हातातच फुटली. उजवा तळवा भाजला, दोन बोटं वळतील की नाही हे डॉक्टरही सांगेनात. ड्रिल विकलं होतं सुदर्शननं, चांगदेवच्या भाच्यानं. बहीण लवकर गेली म्हणून हा पोरगा मामाच्याच घरी वाढला, त्याच्याच हाताखाली स्क्रू काढायला शिकला आणि आता रस्त्यापलीकडे त्याचं स्वतःचं दुकान होतं. दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी तो कंपनीला दाखवतो म्हणून ड्रिल, बॅटरी सगळं उचलून घेऊन गेला. ते परत आलंच नाही. वर गावात सांगू लागला, की मी दिलेलं मशीन अस्सल होतं, जानकूनंच ते कुठंतरी विकून नकली आणलं आणि आता माझ्या नावानं बोंबलतोय.

"ज्या ठेकेदाराकडं आमी दहा वर्सं राबलो, त्यो म्हनतो चोराला काम न्हाई," अंजना म्हणाली. "हात बरा झाला तरी कुठं जायचं, भाऊ? तुमच्या भाच्यानं मशीन नेलं, पन नेण्याच्या आधी मी गावातल्या फोटोवाल्याला बोलावलं व्हतं. ह्ये बघा."

तिनं मोठे करून आणलेले पाच फोटो फळीवर मांडले. मशीन नकली निघालं तर एक तर जानकू चोर, नाहीतर भाचा लबाड. दोन्ही वाटा वाईटच. त्यानं समोरून सुदर्शनला हाक मारून बोलावून घेतलं. तो आला आणि दारातच उभा राहिला.

चांगदेवनं भिंग काढलं. पहिला फोटो पाटीचा. अक्षरं पसरलेली, व्होल्टचा आकडा धड लागेना. दुसरा बॉडीचा. जुळणीची रेघ पुसट, प्लास्टिक मळकट पांढरं, चमक गेलेली. तिसऱ्यात जाळीच्या पट्ट्यांवर खरबरीत काहीतरी. खुणा सगळ्या नकलीच्या. त्यानं भिंग खाली ठेवलं.

"नकली आहे ना, मामा?" सुदर्शन म्हणाला. "मी काय सांगत व्हतो? जानकूनं बदललं."

अंजनानं पदर तोंडाशी धरला. चांगदेवला तिच्याकडे बघवेना, म्हणून तो पुन्हा फोटोत घुसला. आता त्याला एक गोष्ट खटकायला लागली. अक्षरं फक्त पाटीच्या डाव्या अर्ध्यातच पसरली होती, उजवीकडची रेखीव होती. डाव्या बाजूचंच प्लास्टिक पांढरं, पलीकडचं धड. नकली मशीन असं अर्धंच कसं नकली असेल? त्यानं भिंग स्क्रूच्या खोबणीवर आणलं. आत पिवळा कण अडकला होता.

"ताई, मशीनला काय लावलं व्हतं?"

"कदी?"

"दसऱ्याला."

"पुजलं व्हतं की," अंजना म्हणाली. "हळदकुंकू वाहिलं. मंग दुसऱ्या दिवशी कामावर न्यायचं म्हनून ह्येंनी पुसलं. पाण्यानं जाईना, तर रंगाच्या थिनरनं."

चांगदेवनं कपाळावर हात मारला. थिनरनं शाई विरघळते, प्लास्टिकची तकाकी जाते, आणि जाळीत वाळलेलं हळदकुंकू फोटोत खरबरीत दिसतं. उजवी बाजू त्यानं पुन्हा निरखून पाहिली. तिथं रेघ केसासारखी होती, पट्ट्या एकसारख्या. मशीनचा नंबर पाटीवरच्या बाकी छपाईपेक्षा जरासा तिरपा उमटलेला होता, कारण अस्सल कंपनी नंबर मागाहून वेगळा मारते. नकली करणारा सगळं एकदमच छापतो.

"मशीन खरं आहे," तो म्हणाला. "जानकूनं काय बी बदललं न्हाई."

अंजना फळीला धरून खाली बसली. क्षणभर चांगदेवलाही मोकळं वाटलं. भाच्यानं खरं मशीन दिलं, जानकू खरा, दोघंही वाचले! मग त्यानं सुदर्शनकडे मान वळवली. पोराची नजर शेवटच्या दोन फोटोंवर खिळली होती.

ते बॅटरीचे होते. चांगदेवनं ते आतापर्यंत पाहिलेच नव्हते. फुटलेली बाजू काळी, पण दुसरी शाबूत. तिची रेघ जाड, ओघळलेली. कडेला प्लास्टिकचा तंतू. लेबलवरच्या इंग्रजी शब्दात एक अक्षर गाळलेलं. हे ना हळदीनं होतं, ना थिनरनं.

"ही बॅटरी मशीनसंगं आलेली न्हाई," तो सावकाश म्हणाला. "जास्तीची. कुणी दिली?"

"तुमच्या भाच्यानंच," अंजना म्हणाली. "म्हनला कंपनीचीच हाय, स्वस्तात देतो."

सुदर्शननं मामाचे पाय धरायला हात पुढे केला. चांगदेव मागे सरकला. त्याला राग आला होता, आणि लाजही. याच पोराला त्यानं खिडकीशी उभं करून रेघ कशी बघायची ते शिकवलं होतं. म्हणजे पोराला सगळं माहीत होतं. बॅटरी तापली की चार्जरला खबर देणारा पुर्जा नकलीत टाकतच नाहीत, हेसुद्धा.

"गावातल्या लोकांसमोर सांगशील," चांगदेव म्हणाला. "मी फोटो घेऊन संगं येईन. जानकू चोर न्हाई आन् बॅटरी तू दिलीस, दोन्ही."

"सांगतो, मामा."

चांगदेव फोटो गोळा करायला लागला आणि त्याचा हात थांबला.

"अशा अजून किती दिल्यास?"

सुदर्शन दाराकडे वळला.

"सुदर्शन! किती?"

"निरगुडसरला दोगांना. शिनोलीला एक. घोडेगावात पन..."

त्याच क्षणी डोक्यावरचा पंखा गरगरला आणि समोरच्या चहावाल्याचा रेडिओ बोलायला लागला. लोडशेडिंग संपलं होतं. वीज आली की दिवसभर थांबलेली सगळी माणसं आधी बॅटरी चार्जिंगला लावतात, हे दुकानात उभ्या तिघांनाही ठाऊक होतं. चांगदेवनं भाच्याचा मोबाइल त्याच्याच खिशातून ओढून काढला आणि त्याच्या हातात कोंबला.

सुदर्शनचा नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. पलीकडे कुणीतरी हसत "बोला राव" म्हणालं आणि सुदर्शनच्या तोंडून शब्दच फुटेना.

अंजना उठली. तिनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"पावणं, चार्जरचं बटन बंद करा," ती म्हणाली. "बॅटरीला हात लावू नका, पोरांना लांब न्या. मी पिंपरी पेंढारच्या जानकूची बायको बोलतीय. माज्या मालकाचा हात कसा झालाय त्ये सांगते, मंग तुमी काय त्ये ठरवा."